सहा सेकंदांचे आठ लाख

“आठ लाखवाली कोणती जी?” असं त्या माणसानं विचारलं, तेव्हा मी वडशातल्या आमच्या नाटक कंपनीच्या बुकिंग ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होते. तो चहा मी संपवला नाही. कप खाली ठेवला आणि मालकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. हा आता काय उत्तर देतो ते मला ऐकायचं होतं.

मालक हसला. “तेच ना भाऊ, आमचीच पोरगी हाय. तुमच्या मंडईले आणतो.”

आतल्या खोलीत ती पोरगी नाटकाच्या चोळीला हुक शिवत बसली होती. मधे नुसता पडदा होता. तिला सगळं ऐकू जात होतं आणि हे मालकालाही माहीत होतं.

दिवाळी झाली की गावोगावचे मंडळवाले वडशाला येतात. मंडई म्हणजे गावची जत्रा असते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असतात, त्यासाठी नाटक ठरवायचं असतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांची ऑफिसं आणि दारात मोठमोठे रंगीत फलक. मी या धंद्यात आले तेव्हा मंडळवाले विचारायचे, नाटक कोणतं आहे, खलनायक कोण आहे, रडवणारी बाई कोण आहे. रडवणारी बाई म्हणजे मी. आई, सासू, टाकून दिलेली बायको, मुलाची वाट पाहणारी म्हातारी, हे सगळं मी या जंगलातल्या गावांत वर्षानुवर्षं केलं. लोक रडले आणि मी पोट भरलं. तक्रार नाही. पण गेल्या दोन-तीन हंगामांपासून मंडळवाला खुर्चीत बसायच्या आधी खिशातून फोन काढतो. नाटकाचं नाव विचारत नाही. “व्ह्यूज किती हायेत?” असं विचारतो.

म्हणून मालकानं मोबाइलवरच्या ॲपवर कंपनीचं पान सुरू केलं आणि ते सांभाळायचं काम आपल्या साळ्याला दिलं. साळा तिशी ओलांडलेला, लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर जो तो म्हणायचा, पोरगा आहे, समज नाही. पोरगा नव्हता तो. प्रयोग चालू असताना विंगेत उभा राहून छोटे छोटे व्हिडिओ काढायचा, कापायचा, त्यावर गाणं चढवायचा आणि टाकायचा. माझा आईचा एक प्रवेशही त्यानं टाकला होता, दीडेक मिनिटाचा. बऱ्यापैकी लोकांनी पाहिला. पण अर्ध्यातच सोडून जातात, असं तो मला तोंडावर म्हणाला होता.

आणि ही पोरगी. तिचं गाव जिवतीकडे, डोंगरात. बौद्ध घर, वडील नाहीत, आई शेतावर जाते, मोठा भाऊ चंद्रपूरला एका दुकानात कामाला. ती डी.एड. झालेली, नोकरी नाही, गळा गोड. आमच्या नाटकात नायिकेची बहीण करायची आणि दोन अंकांच्या मधे एक नाच करायची. नाच तिला फार आवडत होता असंही नाही. आमच्याकडे मधे नाच लागतोच, आणि तिला येत होता, म्हणून करायची.

मूल तालुक्यातल्या एका गावात नाच चालू असताना रंगमंचाच्या फळ्या सरकल्या. दोन फळ्यांच्या फटीत तिचा पाय गेला आणि ती आडवी पडली. साडी वर गेली. क्षणभर. तिनं ओढून घेतली, उठली, लंगडत नाच पूर्ण केला आणि आत येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या घोट्याला तेल चोळलं. आम्हाला वाटलं, झालं, संपलं. पडतं माणूस. मीही पडले आहे, एकदा तर पेटीवाल्याच्या अंगावर.

साळ्यानं ते फोनमध्ये काढलं होतं. काढलं तर काढलं, नाचच काढत होता तो. पण मग त्यानं बसून ते कापलं. पाय फटीत जातो तिथून सुरू केलं आणि ती साडी ओढायला हात नेते तिथंच तोडलं. म्हणजे ओढून घेतलेली दिसूच नये. सहा सेकंद. शेवट आणि सुरुवात अशी जुळवली की व्हिडिओ संपून पुन्हा सुरू झाला हे कळतच नव्हतं. पडते, पडते, पडते. वरून एक खिदळणारं गाणं.

आम्हाला कळलं तेव्हा आठवडा उलटला होता. आम्ही वडशात आमच्या भाड्याच्या खोलीवर होतो, सकाळची वेळ, भाजी चिरत होतो. तिच्या भावाचा फोन आला. तिनं फोन कानाला लावला आणि चाकू हातातच राहिला. भाऊ एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला सगळं ऐकू आलं.

“आठ लाख लोकाईनं पाह्यलं तुले! आठ लाख! आपल्या तालुक्यात तरी माणसं किती हायेत मालूम हाय का? माय घराबाहेर पडून नाई राह्यली. तू आता इकडं येऊच नोको.”

त्यानं फोन ठेवला. तिनं मला विचारलं, “ताई, आठ लाख म्हणजे किती गावं?”

मी काय सांगणार? भर मंडईतल्या शामियान्यात चार-पाच हजार माणसं बसली तर आम्ही म्हणतो, आज समुद्र होता. ती त्या आकड्याची गावं करत होती. आपलं गाव, शेजारचं गाव, जिवती, राजुरा, चंद्रपूर, मूल, सिंदेवाही. एसटीत बसलेला प्रत्येक माणूस, किराणावाला, तिला शिकवलेले गुरुजी. ती म्हणाली, “आता कोणी राह्यलंच नाई.” आणि त्या दिवसापासून ती तोंडाला ओढणी बांधूनच बाहेर पडायला लागली. एवढी उन्हातान्हात हिंडणारी पोरगी, दुकानात साबण आणायला जायची तर माझ्या पाठीमागे लपून.

मी त्याच दिवशी मालकाकडे गेले. “भाऊ, तो व्हिडिओ काढून टाका.”

मालकानं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. माणूस वाईट बोलणारा नाही, हेच तर त्याचं वाईट आहे. म्हणाला, “बाई, मीही लेकीचा बाप हाय. मले काय चांगलं वाटते का? पण एवढे व्ह्यूज या लाइनीत कोणाले नाई. मंडळवाले इचारून राह्यले. हे सीझन जाऊ दे, मंग काढतो.”

“तिची माय घरात बसून राह्यली.”

“लोक भुलून जातील हो. पंधरा दिवसांत भुलतात.”

पंधरा दिवसांत त्यानं नवा फलक छापून आणला. त्यावर तिचा फोटो, आणि खाली लाल अक्षरांत: आठ लाख रसिकांनी पाहिलेली. रसिक! मी तो शब्द वाचला आणि माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. आयुष्यभर आम्ही स्टेजवरून ‘मायबाप रसिक’ म्हणून हात जोडले, ते याच्यासाठी?

तो फलक दारात लागला त्याच आठवड्यात तो माणूस “आठ लाखवाली कोणती जी” म्हणून विचारत आला.

आता या आकड्याचं मला कुठं खटकलं ते सांगते. साळा एकदा खोलीवर कपडे द्यायला आला, तेव्हा फुशारकीनं मला तो व्हिडिओ दाखवत होता. मला पाहायचा नव्हता. मी मान फिरवली. पण फोन त्याच्या हातात चालूच होता आणि तो बोलत होता, पाच मिनिटं, सात मिनिटं, गाण्याची तीच ओळ पुन्हा पुन्हा. माझ्या मनात आलं, हे जे आपोआप परत परत सुरू होतं, ते कुठं मांडलं जातं? एकात की अनेकांत?

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “व्ह्यू म्हणजे व्ह्यू, ताई. तुम्हाले नाई समजणार.”

मला समजणार नाही म्हणाला ना, मग मी समजून घ्यायचं ठरवलं. त्याच ॲपवर माझं स्वतःचं एक खातं होतं, त्यावर भाचीच्या वाढदिवसाचे फोटो वगैरे. मी आमच्या खोलीबाहेरच्या कोंबडीचा तीन सेकंदांचा व्हिडिओ काढून तिथं चढवला आणि गडचिरोलीला बहिणीला फोन केला. “माझी कोंबडी उघडून ठेव, फोन भिंतीला टेकव आणि भाकरी कर. बोट लावू नको.” तिला वाटलं, मला वेड लागलं. पण केलं तिनं. संध्याकाळी मी त्या व्हिडिओची माहिती उघडली. तिथं दोन आकडे असतात, एकाखाली एक. वर व्ह्यूज. खाली किती खात्यांपर्यंत पोहोचला तो आकडा. वरचा भराभर वाढला होता. खालचा एक. एकटी माझी बहीण. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करून पाहिलं. वरचा आणखी वाढला, मग एका ठिकाणी अडल्यासारखा झाला, कारण एकाच माणसाच्या किती फेऱ्या धरायच्या हे ते ॲप आपल्या मनानं ठरवत असावं. पण खालचा एकच राहिला.

भाचीनं नंतर त्या ॲपच्या मदतीच्या पानावर लिहिलेलं मला वाचून दाखवलं. व्हिडिओ जितक्या वेळा सुरू होतो किंवा पुन्हा सुरू होतो, तितके व्ह्यूज. आधी पहिल्यांदा सुरू झालेले आणि पुन्हा सुरू झालेले वेगवेगळे दाखवायचे, आता दोन्ही एकातच घालतात. आणि दुसऱ्या एका ॲपमध्ये तर अजून गंमत. तिथंही आता नुसता सुरू झाला तरी एक मांडतात. पण पैसे द्यायची वेळ आली की ते स्वतःच तो आकडा धरत नाहीत. खरोखर काही वेळ थांबून पाहिलेल्यांचा वेगळा, लहान आकडा धरतात. म्हणजे त्यांना चांगलं माहीत आहे काय खरं आणि काय फुगलेलं. मोठा आकडा आपल्यासारख्यांना नाचायला.

म्हणजे सहा सेकंदांचा व्हिडिओ मिनिटभर उघडा राहिला तर दहा. माझा दीड मिनिटाचा प्रवेश एखाद्या बाईनं डोळे पुसत शेवटपर्यंत पाहिला तरी एक. आणि ह्या हिशोबावर वडशात ठरत होतं, कोणाला स्टेजवर उभं करायचं.

मी धावत पोरीकडे गेले. मला वाटलं, हिला आता हलकं वाटेल. मी तिला कोंबडीचं सगळं सांगितलं. म्हटलं, “आठ लाख माणसं नाहीत गं ती. त्याच्या पावही नसतील. तेच तेच लोक आहेत, त्यांचंच पुन्हा पुन्हा मांडलं आहे.”

तिनं मनाशी हिशोब केला. मग म्हणाली, “म्हणजे एकच माणूस मले दहादा पाडून राह्यला.”

मी तिच्या शेजारी खाली बसले.

“आधी वाटे, कोणी पाह्यलं, हसलं, पुढं गेलं. आता तुम्ही सांगता, थांबून पाहून राह्यले. ताई, हे जास्त वाईट हाय ना?”

तिचं बरोबर होतं. मी माणसं कमी केली होती आणि तीच माणसं जास्त घाण केली होती. त्या दुपारी मला असा राग आला की काय सांगू. साळ्याचा आला, मालकाचा आला, ॲपवाल्यांचा आला, फोन हातात धरून बसलेल्या त्या न दिसणाऱ्या पुरुषांचा आला. स्टेजवर राग करायचा असतो तेव्हा मी श्वास खाली ओढते, आवाज आपोआप भरून येतो. त्या दिवशी श्वास ओढायची गरज पडली नाही. मी खोलीतली भांडी घासायला घेतली आणि एक पातेलं इतकं घासलं की त्याचा काठ हातात लागून रक्त आलं.

मग ती पोरगीच उठली. म्हणाली, “मी भावाले घाबरून बसली, मालकाले घाबरून बसली. मी पडली यात माझं काय चुकलं? फळी कोणी ठोकली नाई? उद्यापासून जोवर ते निघत नाई तोवर मी तोंडाले रंग लावत नाई.”

“एकटी नाही,” मी म्हटलं. “कंपनीतल्या आपण पाचही जणी.”

दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीच्या पुढं एका गावात प्रयोग होता. आम्ही दुपारीच पोहोचलो. मंडई भरत होती, पाळणे उभे राहत होते, शामियान्याचे खांब लागत होते. पुरुष मंडळी सामान उतरवायला लागली. आम्ही पाच बायका गाडीतून उतरून मंडळानं दिलेल्या शाळेच्या खोलीत गेलो आणि रंगाच्या पेट्या न उघडता बसलो. बातमी लगेच बाहेर गेली. मालक आला, मागोमाग साळा, आणि त्यांच्या मागे मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्ष साठीचे, धोतर, डोक्यावर टोपी, धानाची शेती करणारे. त्यांना काहीच माहीत नव्हतं, नाटक होतं की नाही एवढीच काळजी.

मालक माझ्याकडे पाहून म्हणाला, “बाई, तुम्ही शिकवलं ना हे? तुम्ही तं सीनिअर. गावाचं नाटक पाडता का?”

“पोरगी पडली तेव्हा तुम्ही उचललं का तिले? पाडणारा तुमच्याच घरचा हाय,” मी म्हटलं. माझ्या तोंडी एरवी ही बोली कमी येते, पण राग आला की मायचीच भाषा येते.

साळा पुढं झाला. “ताई, आठ लाख लोकाईले आवडलं म्हणून तं—”

“आठ लाख लोक नाईत! फोन दे तुझा. सगळ्यासमोर उघड.”

तो देईना. अध्यक्ष म्हणाले, “दाखव ना बाबू, काय हाय तं.” आता मंडळाचा अध्यक्ष म्हणतो म्हटल्यावर मालकानंच फोन घेतला आणि उघडला. मी व्हिडिओ चालू करू दिला नाही. फक्त माहितीचं पान काढायला लावलं. वर आठ लाखांच्या पुढचा आकडा. मी मालकाच्या बोटानंच खाली सरकवलं. पोहोचलेली खाती: दोन लाखांच्याही आत.

“हे काय हाय?” अध्यक्षांनी विचारलं.

“भाऊ, हा खालचा म्हणजे वेगवेगळे पाहणारे. तेही खाती हायेत, एकाच माणसाची दोन खाती असू शकतात. वरचा म्हणजे ते सहा सेकंद कितीदा सुरू झाले. फोन हातात धरून कोणी बसला, त्याचे आपोआप दहा, वीस. बोट लावायचंही काम नाही. कोणी नुसता वरून सरकवत गेला, क्षणभर चालू झाला, तरी एक.”

साळा म्हणाला, “परत परत पाहून राह्यले म्हणजे आवडलंच ना!”

मी त्याच्याकडे पाहिलं. शपथेवर सांगते, त्या वेळी माझ्या हातात पितळी तांब्या होता आणि तो मी फेकला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ती पोरगी बोलली. भिंतीशी बसली होती, उठून उभी राहिली, ओढणी सोडली.

“काय आवडलं भाऊ? सांगा ना. नाच आवडला? नाच तं तुम्ही कापला. साडी मी ओढली, तेही कापलं. काय ठेवलं मंग तुम्ही?”

साळा जमिनीकडे पाहायला लागला. अध्यक्षांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांना तोवर कळलं होतं व्हिडिओ कशाचा आहे.

मी आणखी खाली सरकवायला लावलं. आमचं पान आधीपासून पाहणारे किती आणि बाकीचे किती, ते तिथं दिसतं. जवळपास सगळे बाकीचेच. पानावरच्या शहरांच्या यादीत पहिली तीन नावं कुठल्या कुठल्या दूरच्या राज्यांतली. गडचिरोली नाही, वडसा नाही, सिंदेवाही तर नाहीच.

अध्यक्ष मालकाला म्हणाले, “म्हणजे यातले आमच्या मंडईले किती येतील?”

मालकानं फोन बंद केला.

“आमच्या शामियान्यात माणूस एका तिकिटावर एकदाच बसते, भाऊ. उठून परत बसला म्हणून आम्ही दोन धरत नाई.” मग म्हणाले, “आणि लेकीबाळी घेऊन लोक येतात इथी. तुमच्या फलकावर ते लाल अक्षरात लिवलं, ते काढा पहिले.”

मालकानं फोन खिशात ठेवला, बाहेर जाऊन उभा राहिला. आम्ही खिडकीतून पाहत होतो. तो साळ्याशी काहीतरी बोलला, साळ्यानं हात हलवले, मालकानं त्याच्यावर ओरडून फोन त्याच्या हातात कोंबला. थोड्या वेळानं मालक आत आला. “काढला,” म्हणाला. “आता तं तयारीले लागा.”

मी म्हटलं, “दाखवा.”

त्यानं दाखवलं. तिथं आता आधीचा, माझ्या प्रवेशाचा व्हिडिओ वर आला होता. ती पोरगी पाहायलाही आली नाही. पेटी उघडून आरशासमोर बसली होती.

त्या दिवशी आमचा प्रयोग चांगला झाला. मी मुलाला निरोप देणाऱ्या आईचं काम केलं, लोक रडले. पण माझा राग गेला नव्हता, उलट वाढला होता. कारण मालकानं तो व्हिडिओ तिच्यासाठी काढून टाकला नव्हता. तिच्या आईनं घरात कोंडून घेतलं म्हणून नाही, ती तोंड बांधून फिरायला लागली म्हणून नाही. आकडा पोकळ निघाला, मंडळवाला फसला नाही, म्हणून काढला. आकडा खरा असता, खरोखर आठ लाख वेगवेगळी माणसं असती, आणि त्यातली निम्मी इथलीच असती, तर? तर तो फलक आजही दारात असता, आणि मी कोंबडीचे व्हिडिओ काढत बसले असते. हे माझ्या मनातून जात नाही. गेला महिना, गेला हंगाम, तरी जात नाही.

तिच्या भावाला मी फोन केला. त्याला सगळं समजावून सांगितलं, आकडा कसा होतो ते. तो ऐकून घेत होता, मधे एकदा “हो का” म्हणाला. मग म्हणाला, “पण ताई, पाह्यलं तं पाह्यलं ना लोकाईनं.”

मी म्हटलं, “तू कितीदा पाह्यला?”

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, “दुकानातल्या पोरांनी दाखवला. मंग... मी पाहत होतो खाली कोणी काय काय लिवलं ते.”

“तेवढा वेळ तो चालूच होता. तुझेही धरले गेले त्यात.”

त्यानं फोन ठेवला नाही. मला त्याच्या दुकानातला पंखा ऐकू येत होता. आठ दिवसांनी तो वडशाला आला, बहिणीला घेऊन गावी गेला, आणि आईला भेटवून त्यानं तिला परत आणून सोडलं. येताना तिनं आमच्या सगळ्यांसाठी आईनं केलेले जवसाचे लाडू आणले. आमच्यासमोर भावाशी ती नीट बोलत नव्हती. बोलावं असं मीही तिला सांगितलं नाही. त्यांचं ते पाहून घेतील.

हंगाम तिनं पूर्ण केला. नाच सोडला. मालक कुरकुरला, मग त्यानं नायिकेलाच नाच दिला. पुढच्या वर्षी तिनं दुसरी कंपनी धरली आणि काम ठरवतानाच सांगितलं की माझा व्हिडिओ मला दाखवल्याशिवाय कुठं जाणार नाही. कबूल केलं त्यांनी. आता ती नायिका करते. गाते तेव्हा मागच्या रांगेतली चिल्लर पोरंही गप्प बसतात.

आमच्या पानावरून तो व्हिडिओ गेला, पण तोवर दुसऱ्यांनी उचलला होता. कोणत्या कोणत्या पानांवर, वेगळं गाणं लावून, आरशासारखा उलटा करून. प्रत्येकाचा आकडा वेगळा, शून्यापासून सुरू झालेला. भाचीनं मला तक्रार कशी करायची ते शिकवलं. व्हिडिओवर दाबून धरायचं, कारण निवडायचं, पाठवायचं. मी कित्येक दुपारी हेच केलं. काही निघाले. काहींचं उत्तर आलं की यात आमच्या नियमांच्या विरुद्ध काही आढळलं नाही. मी ते उत्तर वाचून फोन गादीवर आपटला, पुन्हा उचलला, पुन्हा तक्रार केली.

त्यातला एक मोठा होता, फार पसरलेला. तो अजून आहे की गेला, मला माहीत नाही. पाहायचं म्हणजे उघडायचा, आणि उघडला की तो आपोआप सुरू होणार आणि एकानं वाढणार, मी तक्रारीसाठी त्या पानाचं नाव शोधत थांबले तर दोनानं, तीनानं. म्हणून मी भाचीला सांगितलं आहे, तिनंही उघडायचा नाही. दुसऱ्या कोणी मला पाठवला तर मी न उघडता पुसून टाकते आणि पाठवणाऱ्याला फोन लावून जे बोलायचं ते बोलते. परवा एका नात्यातल्या माणसानं पाठवला. त्याच्या बायकोलाच फोन द्यायला सांगितला मी.